चेहऱ्यावरील कोणत्या बदलासाठी पैसे, कष्ट आणि वेळ खर्च करावा? ठरविण्याच्या एका पद्धतीवर मत हवे आहे

माधवी_नाशिक

नमस्कार. माझे वय 41 असून मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. चेहऱ्यासाठी म्हणून मी 80,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. आयुष्यात प्रथमच असा खर्च करीत असल्यामुळे तो विचारपूर्वक व्हावा, अशी इच्छा आहे. मला खटकणाऱ्या गोष्टी चार आहेत: दोन्ही गालांवरील वांग (दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे नऊ वर्षे), डोळ्यांखालचा काळेपणा, विशीतल्या मुरमांनी उजव्या गालावर ठेवलेले खड्डे, आणि नाकाच्या मधोमध असलेला उंचवटा.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी चौकशीला गेले. तेथील बाईंनी माझा चेहरा जेमतेम दोन मिनिटे पाहिला आणि आठ सिटिंगचे लेझरचे 56,000 रुपयांचे पॅकेज समोर ठेवले. वांग, काळी वर्तुळे आणि खड्डे, सगळ्यांवर तेच एक. त्याच दिवशी पैसे भरल्यास सवलत होती. मी घरी परतले आणि कागद घेऊन बसले.

प्रत्येक गोष्टीला मी पाचपैकी गुण दिले आहेत. मला किती खटकते, खर्च किती, वेळ किती आणि धोका किती, असे चार रकाने करून बेरीज केली. या बेरजेत नाक पहिले आले, कारण ते मला शाळेपासून खटकते. वांग तिसरे आले. परंतु हा निकाल मला स्वतःलाच पटत नाही. पद्धतीत काय चुकते आहे, ते कृपया सांगावे.

घाटपायथा

माधवीताई, आपली पद्धत मुळात बरोबर आहे, फक्त वजने चुकली आहेत. सर्व रकान्यांना समान महत्त्व दिल्यामुळे असे झाले. खर्चाला दुप्पट आणि धोक्याला तिप्पट वजन द्या, नाक आपोआप खाली जाईल. आम्ही कारखान्यात यंत्रखरेदीचे निर्णय याच रीतीने घेतो आणि वीस वर्षांत फारशी चूक झालेली नाही. हवे असल्यास मी एक्सेलचा तक्ता करून देतो.

वसुधाकाकू

माधवी, बाई, इतकी वर्षे संसार केलास, मुले वाढवलीस, वर्गासमोर उभी राहतेस, आणि आता चेहऱ्याला नावे ठेवतेस? तुझ्या विद्यार्थ्यांना तुझे नाक दिसत असेल असे मला वाटत नाही. एवढेच वाटत असेल तर रोज बेसन, हळद आणि लिंबाचा रस लाव. आमच्या पिढीने तेच केले. त्याला पैसे लागत नाहीत आणि अपायही काही नाही.

माधवी_नाशिक

काकू, आपली माया समजते. मात्र मी स्वतःला नावे ठेवीत नाही. पैसे बाजूला आहेत, खर्च करायचा हेही ठरले आहे. कशावर करावा एवढाच प्रश्न आहे. नाकाविषयी आपण म्हणता ते मात्र मनात राहिले आहे.

पारिजात

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केले असून आता आठवड्यातून तीनच दिवस रुग्ण पाहते. माधवीताईंचा प्रश्न मला रोज निराळ्या शब्दांत विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाटपायथा यांच्याशी मी सहमत नाही. वजने बदलून हा दोष जाणार नाही, कारण दोष बेरजेत आहे. बेरजेत एका रकान्यातील चांगला गुण दुसऱ्यातील वाईट गुण झाकून टाकतो. एखादी गोष्ट कितीही खटकत असली आणि उपाय कितीही स्वस्त असला, तरी तो उपाय त्या गोष्टीच्या मूळ कारणावर काम करीतच नसेल, तर बाकीच्या गुणांना अर्थ राहत नाही. येथे चाळणी हवी. एकामागून एक प्रश्न विचारायचे आणि एका प्रश्नावर जी गोष्ट अडकेल ती तिथेच बाजूला ठेवायची. मी स्वतः चार प्रश्न विचारते.

पहिला: समोरच्या माणसाला हे बोलण्याच्या अंतरावरून दिसते का? दुसरा: हे नेमके कशामुळे दिसते आहे, म्हणजे त्वचेतील रंगामुळे, सावलीमुळे, त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांमुळे की त्वचेच्या आकारामुळे? तिसरा: अर्धाच फरक पडला आणि तोही टिकविण्यासाठी दर वर्षी काही करावे लागले, तरीही मला ते हवे आहे का? चौथा: बिघडले तर मागे फिरता येईल का?

आपल्याला किती खटकते हा प्रश्न मी मुद्दामच यात घेतलेला नाही. खटकणे हे आपण या कागदापाशी बसण्याचे कारण आहे. उपाय किती लागू पडेल, हे त्यावरून कधीच कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरशात शोधू नका. आरशाला आपण वीतभर अंतरावर चिकटून उभ्या राहतो आणि तेवढ्या जवळून आपल्याकडे कोणीच पाहत नाही. घरातील कोणाला तरी फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. सुमारे पाच फुटांवरून, सकाळी खिडकीकडे तोंड करून, केस मागे बांधून, काहीही न लावता, आणि चेहरा नितळ करणारी सोय बंद करून. एक समोरून आणि एकेक दोन्ही अंगांनी तिरका, असे तीन फोटो पुरेत. ते दोन दिवस पाहू नका. मग फोनच्या पडद्यावर, मोठे न करता पहा आणि जे आपोआप नजरेत भरेल तेवढेच लिहून काढा.

घाटपायथा

अडवून ठेवणाऱ्या अटी आधी आणि गुण नंतर, असे आपले म्हणणे दिसते. हे मला पटले. यंत्र शेडच्या दारातून आतच जात नसेल, तर त्याच्या किमतीला गुण देण्यात अर्थ नसतो. परंतु चाळणीतून दोन गोष्टी पार पडल्या, तर त्यांच्यातील क्रम लावायला गुण लागतीलच, असे माझे अजूनही मत आहे.

माधवी_नाशिक

पारिजातताई, सांगितल्याप्रमाणे यजमानांकडून फोटो काढून घेतले. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा पहिल्या दृष्टीत वांगच दिसला. दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर तो इतका स्पष्ट होता की मलाच आश्चर्य वाटले. मला त्याची सवय झाली होती. डोळ्यांखालचा काळेपणा दिसला, पण आरशात दिसतो त्याच्या निम्माच. खड्डे समोरच्या फोटोत दिसले नाहीत, उजव्या तिरक्या फोटोत थोडे दिसले. आणि नाकाचा उंचवटा तिरक्या फोटोत आहे, परंतु ते नाक माझ्या मनातल्या नाकाहून बरेच लहान आहे. असे कसे होऊ शकते?

पारिजात

आपण बहुधा सेल्फीतले नाक मनात धरून बसला आहात. कॅमेरा हातभर अंतरावर असला की नाक त्याच्या सर्वांत जवळ येते, कान मागे राहतात, आणि नाक चेहऱ्याच्या मानाने मोठे दिसते. यावर 2018 मध्ये अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद भासते, असे त्यात गणिताने दाखविले आहे. सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे पुष्कळ येऊ लागल्यामुळेच तो हिशेब मांडला गेला.

नाकाचा उंचवटा शस्त्रक्रियेने खरोखर कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नावर ते नाक उत्तीर्ण होते. अडचण पहिल्या आणि चौथ्या प्रश्नावर आहे. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला साधारण वर्ष लागते, काही जणांना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि आधीचे नाक परत मिळत नाही. पाच फुटांवरच्या फोटोत आपले आपल्यालाच ते लहान वाटले असेल, तर मी ते राहू देईन.

सई_न्यूजर्सी

मी डोळ्यांखालच्या काळेपणाविषयी स्वतःचा अनुभव लिहिते, कारण माझी चूक नेमकी दुसऱ्या प्रश्नावरची होती. तीन वर्षांपूर्वी येथे मी डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खळगा भरणारे इंजेक्शन, भरून घेतले. अर्ध्या तासाचे काम आणि वर्षभर निश्चिंती, असे मला सांगितले गेले. माझ्या आईला आणि मावशीलाही तशीच काळी वर्तुळे आहेत, वरच्या पापणीवरही तोच तपकिरी रंग आहे, हे मी त्यांना सांगितले होते. तरीही फिलर भरले गेले. खळगा भरला, पण रंग होता तसाच राहिला. उलट महिन्याभराने तिथे निळसर फुगवटा दिसू लागला आणि सकाळी उठल्यावर मी रडून उठल्यासारखी दिसू लागले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडून ते विरघळविणारे इंजेक्शन घ्यावे लागले. भरण्याचे पैसे दिले आणि काढण्याचेही दिले.

पारिजात

सई, आपण लिहिलेत हे फार उपयोगी आहे. आपण वापरले ते विरघळणारे फिलर होते म्हणून मागे फिरता आले. डोळ्यांभोवती फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. हे अत्यंत दुर्मीळ आहे, पण त्यातून बहुधा परत फिरता येत नाही. चौथ्या प्रश्नात हे धरायलाच हवे.

माधवीताई, डोळ्यांखालच्या काळेपणाचे कारण घरीच बऱ्यापैकी ओळखता येते. छतावरच्या दिव्याखाली उभ्या राहून हातातल्या आरशात पहा. मग खिडकीसमोर या आणि चेहरा थोडा आभाळाकडे उचला. काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर ती खळग्याची सावली आहे. उजेड बदलूनही तो तसाच राहिला, तर खालच्या पापणीची त्वचा बोटाने अगदी हलकेच खाली ओढा. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो त्वचेतला रंग आहे. निळसर-जांभळा रंग अधिक उठून दिसला तर पातळ त्वचेखालून रक्तवाहिन्या दिसत आहेत. बहुतेकांमध्ये दोन कारणे मिसळलेली असतात, तेव्हा एकच स्वच्छ उत्तर मिळाले नाही तर गोंधळू नका, जास्त वाटा कशाचा आहे एवढे पहा. डोळे खाजवायची सवय असेल तर तेही सांगा. ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षे चोळलेली पापणी काळवंडते, आणि तिथे खाज थांबविणे हाच पहिला उपचार असतो.

कोकणचा_राजू

मीही एक विचारतो. माझे वय 34. गेल्या तीन-चार वर्षांत माझे कपाळ आणि कानशिले काळी पडली आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना पट्टा आल्यासारखे. उन्हामुळे असेल म्हणून मी सनस्क्रीन लावतो, पार्लरमध्ये जाऊन काळेपणा काढण्याची क्रिया दोनदा करून घेतली, पण काही उपयोग नाही. त्यावर आणखी 12,000 रुपयांचे पॅकेज सांगितले आहे. पहिल्या प्रश्नावर मी नक्कीच उत्तीर्ण आहे, ते लांबूनही दिसते.

पारिजात

राजू, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पहा. त्या पट्ट्यावर बोट फिरवल्यावर त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागते का? मानेच्या मागे किंवा काखेतही तसाच काळेपणा आहे का? याच तीन-चार वर्षांत पोट आणि वजन वाढले आहे का?

कोकणचा_राजू

तिन्हींचे उत्तर हो आहे. मान तर आई लहानपणासारखी घासून काढायला सांगते. वजन 71 वरून 88 किलो झाले आहे. आपण हे कसे ओळखले?

पारिजात

असा काळेपणा पुष्कळदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्यामुळे येतो. फोटो न पाहता मी निदान करणार नाही, परंतु पार्लरचे 12,000 रुपये भरण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासून घ्या आणि एखाद्या फिजिशियनला दाखवा. हा थर मळाचा नसतो, त्यामुळे घासून तो जात नाही, उलट घासल्याने आणखी काळा होतो. वजन उतरले की महिन्यांच्या हिशेबाने तो फिकट होऊ लागतो. पहिल्या प्रश्नावर पूर्ण गुण मिळूनही चेहऱ्यावर एक रुपया खर्च करू नये, अशी आपली अवस्था आहे.

माधवी_नाशिक

राजू यांनी विचारले ते बरे झाले. दुसरा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते मला त्यातून नीट कळले.

माझे उत्तर सांगते. खिडकीसमोर चेहरा वर उचलल्यावर काळेपणा बराच कमी होतो, उरतो तो किंचित तपकिरी. म्हणजे मुख्यतः सावली. फिलरविषयी सईंचे वाचल्यावर त्या वाटेला जाण्याची इच्छा उरली नाही. फोटोतही तो निम्माच दिसत होता. म्हणून डोळ्यांखालचे मी तसेच सोडते आहे.

आता वांगाविषयी सांगा. माझ्या लहान बहिणीला शेजारणीने एक क्रीम दिली होती. तिने ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून दोन वर्षे वापरली. पहिल्या महिन्यात चेहरा इतका उजळला की मीही आणायला निघाले होते. नंतर तिचा चेहरा लाल राहू लागला, क्रीम एक दिवस चुकली तरी आग होऊ लागली आणि हनुवटीवर लव वाढली. या भीतीमुळेच मी नऊ वर्षे वांगाला हात लावलेला नाही.

पारिजात

आपल्या बहिणीच्या बाबतीत जे झाले ते स्टेरॉईडमुळे झाले असावे. वांगासाठी मिळणाऱ्या काही मिश्र क्रीममध्ये स्टेरॉईड असते. ती थोड्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली वापरायची औषधे आहेत, पण ती रोजच्या क्रीमसारखी वर्षानुवर्षे वापरली जातात. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉईड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले, तरीही ती सहज मिळतात. ट्यूबवरील घटकांत मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन अशी नावे, म्हणजे शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असलेली, दिसली तर विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. आणि बहिणीने ती एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून उतरवत न्यावी.

आता आपला वांग. पहिल्या प्रश्नावर तो सर्वांत पुढे आहे. दुसऱ्यावर कारण स्पष्ट आहे: त्वचेतला रंग, ज्याला बाळंतपणाच्या वेळच्या संप्रेरकांनी सुरुवात करून दिली आणि जो उजेड रोज चालू ठेवतो. तिसरा प्रश्न मात्र येथे कठीण आहे. वांग कायमचा जात नाही. फिकट होतो आणि एका उन्हाळ्यात परत येऊ शकतो. फिकट झालेला वांग सांभाळत राहण्याची आपली तयारी असेल तरच यात पडावे. चौथ्या प्रश्नावर क्रीम आणि लेझर यांच्यात मोठा फरक आहे. मलमाने त्रास झाला तर ते थांबवता येते. लेझरने किंवा त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या जोरकस पीलने आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा वांग आधीपेक्षा गडद होऊ शकतो, आणि तो उतरायला महिने लागतात. म्हणून लेझर हा वांगाचा पहिला उपचार नव्हे. 56,000 रुपयांच्या त्या पॅकेजवर माझा आक्षेप हाच आहे.

सुरुवात उजेड अडवण्यापासून करा. फक्त त्वचेच्या रंगाची, म्हणजे टिंटेड, आणि घटकांत आयरन ऑक्साइड असलेली सनस्क्रीन घ्या. साधी पांढरी सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, पण दिसणारा प्रकाश फारसा अडवीत नाही, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, इतकी चेहरा आणि मानेला लागते. बहुतेक जणी याच्या निम्मीही लावत नाहीत. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. रात्रीचे औषध, ॲझेलेइक ॲसिड किंवा हायड्रोक्विनोन, कोणते आणि किती दिवस, ते आपल्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. हायड्रोक्विनोन काही महिन्यांनंतर थांबवायचे असते. फरक 12 आठवड्यांनी, त्याच खिडकीत काढलेल्या फोटोवरून जोखा, त्याआधी नाही.

वसुधाकाकू, आपल्या लेपातील लिंबाविषयी मात्र मला बोलले पाहिजे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. वांगावर तर तो लावूच नये.

वसुधाकाकू

हे मला खरोखर ठाऊक नव्हते. माझ्या सुनेला मी दर रविवारी सांगत आले आहे. तिला आजच लिंबू वगळायला सांगते. बेसन चालेल ना?

पारिजात

धुण्यापुरते चालेल, काकू. जोराने चोळू मात्र नये.

घाटपायथा

एक शंका. माझी पत्नी घरूनच काम करते, दिवसभर खिडकीशेजारी बसते. काच अतिनील किरण अडवते असे वाचले आहे. मग तिला घरात सनस्क्रीनची गरज नसावी.

पारिजात

अर्धे बरोबर आहे. त्वचा भाजणारे किरण साधी काच अडवते. त्वचेचा रंग वाढविणारे लांब लहरींचे किरण आणि दिसणारा प्रकाश काचेतून आत येतात. वांग नसेल आणि ती खिडकीपासून दूर बसत असेल तर मी आग्रह धरणार नाही. वांग असून खिडकीशेजारी बसत असेल, तर लावावी किंवा मेज हलवावे. मेज हलवायला पैसे पडत नाहीत.

माधवी_नाशिक (चौदा आठवड्यांनंतर)

सर्वांना नमस्कार. काय झाले ते कळवते.

नाशिकमधीलच एका त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी रात्रीसाठी ॲझेलेइक ॲसिड दिले. पहिले तीन आठवडे जरा चुणचुण झाली, मग थांबली. टिंटेड सनस्क्रीन दोन बोटे मापून लावते. 50 ग्रॅमची ट्यूब मला पाच आठवडे पुरते, म्हणजे वर्षाला दहा-अकरा ट्यूब, आणि 550 रुपयांच्या दराने वर्षाचे साधारण 5,700 रुपये. हा आकडा मी तिसऱ्या प्रश्नासमोर लिहून ठेवला आणि मगच हो म्हटले. आधी मी तीच ट्यूब चार महिने पुरवीत असे. म्हणजे मी सनस्क्रीन लावते, हा माझा समजच होता.

बाराव्या आठवड्याचा फोटो आणि पहिला फोटो शेजारी ठेवले. गालांवरचा वांग स्पष्टपणे फिकट झाला आहे, कडा विरल्या आहेत. वरच्या ओठावरचा फारसा हललेला नाही. एकूण फरक निम्म्याहून थोडा कमी म्हणेन. आठव्या आठवड्यात मात्र मी निराश होऊन सोडून देणार होते, कारण आरशात काहीच कळत नव्हते. तेव्हा शेजारी ठेवायला पहिला फोटो होता म्हणून पुढे चालू ठेवले.

आता उरले खड्डे. बाजूने बॅटरीचा उजेड टाकला की ते दिसतात. गाल ताणला की बहुतेक खड्डे सपाट होतात, दोन-तीन बारीक, सुईने टोचल्यासारखे खोल मात्र तसेच राहतात. यांच्यावर खर्च करावा का?

पारिजात

ताणल्यावर सपाट होणारे खड्डे त्वचा आतून खाली ओढली गेल्यामुळे झालेले असतात. सुईने ते आतले धागे सोडवण्याची क्रिया त्यांच्यासाठी असते आणि नेमक्या हातात ती बरे काम देते. सुईसारख्या खोल खड्ड्यांना ती लागू पडत नाही, त्यांना वेगळे करावे लागते. एकाच यंत्राने दोन्ही जातील असे कोणी सांगितले तर पुन्हा विचारा. साधारणपणे तीन-चार सिटिंग, प्रत्येकीत महिना-दीड महिन्याचे अंतर, मध्ये काही दिवस निळसर डाग, आणि हाती येणारा फरक अंशतःच.

सई_न्यूजर्सी

माझ्या मैत्रिणीने याच्यासाठी येथे लेझर केले आणि ती फार समाधानी आहे. तिच्या गालांवर खरेच फरक दिसतो. त्याचाही विचार करावा असे मला वाटते.

पारिजात

होतो, नाकारत नाही. पण माधवीताईंच्या त्याच गालावर वांग आहे. खड्ड्यांसाठी दिलेली उष्णता वांगाला भडकवू शकते. माझे काही सहकारी कमी शक्तीवर आणि आधी महिनाभर तयारी करून लेझर करतात, आणि त्यांचे निकाल वाईट नाहीत. मी स्वतः करणार नाही. या मुद्द्यावर आमच्यात एकमत नाही, हे आपल्याला माहीत असलेले बरे.

घाटपायथा

माझा गुणांचा मुद्दा इथे लागू होतो असे नम्रपणे सुचवतो. वांग आणि खड्डे दोन्ही चाळणीतून पार पडले आहेत. पण एकाचा उपचार दुसऱ्याला बिघडवू शकतो, आणि हा परस्परसंबंध ना माझ्या बेरजेत आहे ना आपल्या चार प्रश्नांत.

पारिजात

हे बरोबर आहे. मी तो चौथ्या प्रश्नात धरत असे, पण आपण म्हणता तसा तो स्वतंत्र लिहायला हवा: एकाच जागेवर दुसरे काय आहे आणि या उपचाराने त्याचे काय होईल. माझ्या रुग्णांच्या कागदावर आता पाचवा प्रश्न असेल.

कोकणचा_राजू

माझेही कळवतो. उपाशीपोटीची साखर 118 आली, एचबीएवनसी 6.2. फिजिशियन म्हणाले की मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहे. तीन महिन्यांत सहा किलो उतरवले. कपाळ अजून तसेच आहे, मानेवरचा जाडसरपणा मात्र बोटाला कमी लागतो. आईला मान घासायचे थांबवायला सांगितले आहे. पॅकेज घेतले नाही.

माधवी_नाशिक

राजू, वाचून बरे वाटले. पुढच्या तपासणीचे आकडेही येथे जरूर लिहा.

मी खड्ड्यांचे असे ठरवते आहे. येता उन्हाळा फक्त वांग सांभाळायचा, कारण तो परत येतो का हे एका उन्हाळ्याशिवाय कळणार नाही. तो आवाक्यात राहिला तर दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर, फक्त ताणल्यावर सपाट होणाऱ्या खड्ड्यांसाठी एक सिटिंग करून पाहीन, त्यासाठी 15,000 रुपयांपर्यंत खर्च करीन, आणि दोन महिन्यांनी बाजूच्या उजेडात फोटो काढल्याशिवाय दुसऱ्या सिटिंगचे पैसे भरणार नाही. खोल खड्डे राहू दे. आतापर्यंत डॉक्टरांची फी, औषध आणि तीन ट्यूब मिळून 4,900 रुपये झाले आहेत. वरच्या ओठावरच्या वांगाचे काय करावे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. तिथे मी दर तीन आठवड्यांनी दोऱ्याने लव काढते. त्या ओढण्याने त्वचा चिडून रंग टिकून राहत असेल का, पारिजातताई?

पारिजात

असू शकते. दोन महिने दोरा बंद ठेवून छोट्या कात्रीने लव कापा, बाकी काही बदलू नका, आणि फोटो काढा. मग सांगा.